ईआरपी सपोर्ट करार : ३० मिनिटांचा रिस्पॉन्स आणि ४३ तास अडकलेला माल

प्रश्न : चाकणला आमचा ऑटो पार्ट्सचा कारखाना आहे, तीन शिफ्ट चालतात. ईआरपीच्या एएमसीत व्हेंडरने 'सेव्हरिटी १ ला ३० मिनिटांत रिस्पॉन्स, ४ तासांत रिझोल्यूशन' लिहिलंय, दंडही आहे. सही करावी का?

उत्तर : आहे तशी करू नका. आधी सपोर्टच्या वेळा कोणत्या ते बघा. बहुतेक करारांत ते चार तास कामकाजाचे असतात, म्हणजे समजा सोमवार ते शनिवार, ९:३० ते ६:३०. शनिवारी संध्याकाळी ५:३० ला इनव्हॉइसचा आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवरून येणारा ई-इनव्हॉइसचा नंबर, मिळेनासा झाला आणि भरलेल्या गाड्या गेटवर थांबल्या. ५:५० ला व्हेंडरचा फोन आला, रिस्पॉन्स पाळला गेला. चारपैकी एक तास शनिवारी संपला, उरलेले तीन सोमवारी सकाळी सुरू झाले. सोमवारी १२:३० ला दुरुस्ती झाली, तर करार तंतोतंत पाळला गेला आणि तुमचा माल मात्र ४३ तास अडकला. तुमच्यासारख्या कारखान्याने निदान सेव्हरिटी १ साठी तरी चोवीस तास, सातही दिवस लिहून घ्यायलाच हवं. त्याचे पैसे जास्त पडतात, पण माझ्या मते ते द्यावेत.

दुसरं, 'सिस्टिम पूर्ण बंद' ही सेव्हरिटी १ ची व्याख्या मान्य करू नका. वरच्या प्रसंगात लॉगिन चालू होतं, त्यामुळे व्हेंडर ते तिकीट सेव्हरिटी २ मध्ये टाकेल. 'डिस्पॅच, इनव्हॉइस किंवा प्रॉडक्शन बुकिंग थांबलं आणि दुसरा मार्ग नाही' असं लिहा. सेव्हरिटी तुम्ही ठरवायची. व्हेंडरची हरकत असेल तर चर्चा नंतर, तोवर घड्याळ चालू. तात्पुरता मार्ग दिला तर तिकीट सेव्हरिटी २ वर उतरू दे, बंद मात्र होऊ नये. सरकारी पोर्टलच बंद असेल तर तो वेळ वगळणं रास्त आहे.

दंडाच्या कलमात खरी गोम मोजमापात असते. 'महिन्यातली ९५ टक्के तिकिटं वेळेत' असं असेल आणि ४० तिकिटांपैकी फक्त दोन चुकली, तर दंड शून्य, मग ती दोन्ही सेव्हरिटी १ ची का असेनात. म्हणून प्रत्येक सेव्हरिटी वेगळी मोजा.

दंडातून नुकसान भरून निघेल असं धरू नका. महिन्याची फी २ लाख आणि कमाल मर्यादा १० टक्के असेल, तर हातात जास्तीत जास्त २०,००० रुपये, तेही पुढच्या बिलात वजावट म्हणून. आकडा फुगवूनही फारसा उपयोग नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार न्यायालय लिहिलेल्या रकमेच्या आत, वाजवी तेवढीच भरपाई देतं. त्यापेक्षा सलग तीन महिने सेव्हरिटी १ चुकली तर करार मोडण्याचा आणि डेटाबेसचा बॅकअप विनाशुल्क परत मिळण्याचा हक्क मागा. व्हेंडर दंडापेक्षा या ओळीवर जास्त वेळ घासाघीस करेल.