गच्चीतलं पाणी उतरलं, पण खाली गळलं नाही. टेस्ट पास की नापास?

प्रश्न: आमच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आणि वरून कोटिंग असं नवं वॉटरप्रूफिंग झालंय. ठेकेदाराने दोन दिवस पाणी भरून ठेवलं. खाली कुठे गळलं नाही, पण वरचं पाणी बरंच उतरलं. तो म्हणतो, ऊन आहे, वाफ झाली. टेस्ट पास धरून उरलेले पैसे देऊन टाकू का?

उत्तर:

लगेच देऊ नका, पण ठेकेदार खोटं बोलतोय असंही धरून चालू नका. उन्हाळ्यात उघड्या गच्चीवरचं पाणी दिवसाला सहा-सात मिलिमीटर नुसतं वाफेने जातं. वारा असेल तर आणखी. म्हणजे दोन दिवसांत बारा-चौदा मिलिमीटर पाणी उतरलं तरी गच्ची निर्दोष असू शकते. आणि तेवढंच पाणी थंडीत उतरलं तर मात्र मला शंका येईल. त्यामुळे 'बरंच उतरलं' यावरून पास-नापास ठरत नाही. वाफेपेक्षा जास्त किती गेलं आणि ते जास्तीचं पाणी कुठे गेलं, एवढंच या टेस्टमध्ये वाचायचं असतं.

वाफ मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही, एक घमेलं पुरतं. साइटवरचं प्लास्टिकचं घमेलं, तळ फुटका नाही याची खात्री करून, गच्चीच्या पाण्यातच ठेवायचं. हलू नये म्हणून आत एक वीट टाकायची आणि काठाखाली दोन बोटं राहतील इतकं पाणी भरायचं. घमेलं पाण्यात बसवायचं कारण असं, की दोन्हीकडचं पाणी सारखंच तापतं. ते बाजूला कोरड्या कोब्यावर ठेवलं तर आतलं पाणी जास्त तापतं आणि हिशोब ठेकेदाराच्या बाजूने झुकतो. आता घमेल्यात एक खूण आणि कठड्याच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेवर, दुसरी खूण. घमेल्यातलं पाणी फक्त वाफेने जाईल. गच्चीतलं पाणी वाफेने जाईल आणि वाट मिळाली तर खालीही जाईल. दोघांतला फरक म्हणजे तुमचं उत्तर.

पहिली खूण पाणी भरल्या भरल्या करू नका. कोब्यातल्या विटा आणि वरचा सिमेंटच्या मालाचा थर कोरडा असेल तर पहिल्या रात्री तो पाणी पिणारच, आणि ती गळती नव्हे. मी संध्याकाळी पाणी भरतो, सकाळी सात वाजता पहिली खूण करतो आणि दोन दिवस तिथपासून मोजतो. रोज सातलाच वाचायचं, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. दुपारी लाटा इतक्या उठतात की एक-दोन मिलिमीटरचा घोळ सहज होतो.

किती पाणी भरायचं याबद्दल दोन्ही टोकांच्या चुका दिसतात. गच्चीला उतार असतो, त्यामुळे पाईपाजवळ वितभर पाणी आणि जिन्याकडची बाजू कोरडी, अशी टेस्ट अर्ध्याच गच्चीची होते. उताराच्या सर्वांत उंच जागीही किमान अडीच सेंटीमीटर पाणी हवं. गच्ची 9 बाय 6 मीटरची, म्हणजे साधारण 30 बाय 20 फुटांची, आणि सहा मीटरच्या बाजूने शंभराला एक असा उतार धरा. म्हणजे उतार सहा सेंटीमीटरचा. वरच्या टोकाला अडीच तर खालच्या टोकाला साडेआठ सेंटीमीटर, सरासरी साडेपाच. हे पाणी झालं जवळजवळ 3000 लिटर, म्हणजे तीन टन. ऐकायला जड वाटतं, पण दर चौरस मीटरला ते सर्वांत खोल जागीही 85 किलोच भरतं. वापरात असलेल्या गच्चीसाठी आपल्या भारतीय मानकात (आयएस 875, भाग 2) दर चौरस मीटरला साधारण 150 किलोचा वापरभार धरतात, त्यामुळे तेवढ्याला हरकत नसते. पण उतार जास्त असेल आणि खालच्या टोकाला पाणी पंधरा सेंटीमीटरच्या वर जायला लागलं, तर मध्ये मालाचा बांध घालून गच्ची दोन भागांत भरा. जुना किंवा तडे गेलेला स्लॅब असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. आणि पाणी जिन्याच्या उंबऱ्याच्या खालीच राहील हे पाहा, नाहीतर पाणी जिन्यात उतरतं आणि सगळे वॉटरप्रूफिंगला दोष देत बसतात.

एका रो-हाऊसचं उदाहरण देतो, म्हणजे हे आकडे कसे बोलतात ते कळेल. गच्ची वर सांगितलेल्याच मापाची, दिवस मे महिन्याचे. पहिल्या चोवीस तासांत गच्चीतलं पाणी 11 मिलिमीटर उतरलं, घमेल्यातलं 7. दुसऱ्या चोवीस तासांत गच्चीत 10, घमेल्यात पुन्हा 7. खाली सगळ्या खोल्यांचं छत कोरडं. घरमालक खूश, ठेकेदार बिल घेऊन हजर.

पण दुसऱ्या दिवशीचा तीन मिलिमीटरचा फरक बघा. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, आणि गच्ची 54 चौरस मीटर. म्हणजे दिवसाला 162 लिटर पाणी कुठेतरी गेलं. कोबा पाणी पीत असता तर दुसऱ्या दिवशी फरक झपाट्याने कमी व्हायला हवा होता. तो चारावरून फक्त तीनवर आला. एवढं पाणी गुपचूप नाहीसं होत नाही. शोधलं तर ते सापडलं बाहेर, पावसाच्या पाईपाच्या तळाशी. पाईप चिंध्यांचा बोळा कोंबून बंद केला होता आणि तो झिरपत होता. खाली लिटरची बाटली धरली, ती नऊ मिनिटांत भरली. दिवसाचे 1440 मिनिट भागिले नऊ, म्हणजे 160 लिटर. हिशोब जुळला. बोळा काढून नीट पक्का केला आणि टेस्ट आणखी एक दिवस चालवली. गच्चीत 7, घमेल्यात 7. तेव्हा बिल निघालं.

तुमच्याकडेही सगळ्यात आधी पाईपाचं खालचं तोंड बघा. ते कोरडं असेल आणि तरी रोजचा फरक दोन-तीन मिलिमीटरवर टिकून असेल, तर घराला बाहेरून चक्कर मारा. कोब्याखाली शिरलेलं पाणी स्लॅबवरून उताराच्या दिशेने सरकतं आणि कठड्याच्या बुडाशी, बाहेरच्या प्लास्टरवर ओलीची आडवी पट्टी होऊन दिसतं. घरात बसून छताकडे पाहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. (एक मिलिमीटरच्या फरकावर भांडू नका, तो वाचण्यातलाच असू शकतो.)

उलट प्रकारही घडतो: पातळीत फरक जेमतेम, पण खाली थेंब. लहानशा छिद्रातून दिवसाला दोन लिटर गेले तर 54 चौरस मीटरच्या गच्चीत ते कुठल्याही खुणेवर उमटणार नाहीत. म्हणून छतही तितक्याच नेटाने वाचावं लागतं. पाणी भरण्याआधी प्रत्येक खोलीच्या छताचे फोटो काढा, कारण नव्या बांधकामात ओलीचे डाग आधीपासूनच असतात. डाग दिसला की पेन्सिलने त्याची कड आखून वेळ लिहा. जुनी ओल आहे तिथेच राहते किंवा आक्रसते, गळतीचा डाग रेघेबाहेर पसरतो. पंख्याच्या बॉक्समधून पाणी टपकलं तर भोक पंख्याच्या बरोबर वरच असेल असं नाही. पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाईपात शिरून खोलीभर फिरून तिथे बाहेर पडतं. अशा वेळी आधी त्या खोलीची एमसीबी पाडा, मग बाकीचं.

भोक कुठे आहे हे शोधताना पाणी एकदम सोडून देऊ नका. दोन-दोन सेंटीमीटर कमी करत जा आणि प्रत्येक टप्प्यावर काही तास थांबून खाली बघा. कोबा भिंतीला मिळतो त्या कोपऱ्यात गोलसर वाटा घातलेला असतो; पाणी त्या वाट्याच्या खाली गेल्यावर थेंब थांबले तर दोष वाट्यात किंवा कठड्याच्या सांध्यात आहे. कोब्यात साठलेलं पाणी निथळायला वेळ लागतो, म्हणून घाई केली तर हा अंदाज चुकतो. पाणी अगदी तळाला आलं तरी थेंब चालूच असतील तर दोष सपाट भागात आहे, आणि मग बांध घालून एकेक चौकोन वेगळा भरून पाहावा लागतो.

पाणी दुधाळ झालं असेल तर तेही ठेकेदाराला विचारा. ॲक्रिलिक कोटिंग पुरतं सुकण्याआधी पाणी भरलं की ते मऊ पडून सुटायला लागतं. किती दिवस सुकू द्यायचं ते कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. घाईची टेस्ट चांगलं कोटिंगही बिघडवते.

आता तुमच्या पैशांबद्दल. तुमच्याकडे घमेल्याचा आकडा नाही, त्यामुळे झालेल्या टेस्टवरून काहीच सिद्ध होत नाही. ठेकेदाराला सांगा की पाणी पुन्हा भर आणि घमेलं ठेवून दोन दिवस मोजू. यात त्याचा खर्च एका टँकरचा आहे, काम चांगलं असेल तर तो नाही म्हणणार नाही. पाईप बंद करताना बोळा वरच्या तोंडाशी न बसवता स्लॅबच्या जाडीच्या खाली, पाईपात आत सरकवायला लावा. तोंडाशी बसवला तर पाईप आणि स्लॅब यांच्या सांध्याची परीक्षाच होत नाही, आणि गच्च्या तिथेच सर्वांत जास्त गळतात. वळवाचा पाऊस कधीही येऊ शकतो, म्हणून ठरलेल्या पातळीच्या जरा वर, कठड्यातून एखादी जादा वाट किंवा राखणीला एक माणूस असू द्या.

फरक शून्य-एक मिलिमीटर आला आणि छत, पाईप व बाहेरची भिंत कोरडी राहिली, तर बिलाचा मोठा भाग देऊन टाका. थोडा हिस्सा, मी दहा टक्के ठेवतो, पहिल्या पावसाळ्यापर्यंत हातात राहू द्या आणि हे ठेकेदाराशी आधीच बोलून घ्या. साठलेलं पाणी कठड्याच्या वरच्या भागापर्यंत पोचत नाही, वाऱ्याबरोबर येणारी झड पोचते. ती परीक्षा जूनशिवाय होत नाही. शिवाय जाड कोब्यातून पाणी खाली यायला दोन दिवसांपेक्षा जास्त लागू शकतात, म्हणून पाणी सोडल्यावर आणखी आठवडाभर छताकडे लक्ष ठेवा आणि तोवर आतून पुट्टी किंवा पीओपी करू नका. पाणी सोडताना बोळा हळूहळू काढा आणि त्या वेळी एकाला खाली, पाईप स्लॅबमधून जातो तिथे टॉर्च घेऊन उभं करा.