"काय म्हणतोस?" याचं उत्तर काय द्यायचं?

"माझी मुलगी १७ वर्षांची आहे, ऑटिस्टिक. घरी भरपूर बोलते. पण जिन्यात, लिफ्टमध्ये कुणी अचानक 'काय गं, कशी आहेस?' म्हटलं की थिजते, नाहीतर तेच वाक्य त्यांना परत ऐकवते. मी शेजारी उभी राहून 'सांग ना काकूंना' म्हणत राहते. लोकांना ती आगाऊ वाटते. तिला साधं 'बरी आहे' म्हणायला कसं शिकवू?"

त्या "सांग ना काकूंना"कडे मी जरा वेळाने येते. आधी एका मुलाबद्दल सांगते. त्याला इथे नील म्हणू. घरच्यांची परवानगी आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वय १९, निदान लहानपणीच झालेलं, वडिलांचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान. दुपारी तो दुकानात बसतो आणि आलेली पार्सलं मोजून घेतो. हे काम तो वडिलांपेक्षा चोख करतो. अडचण होती ती घरापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर.

पहिल्या भेटीत मी काहीच शिकवलं नाही. आईला एक वही घालायला सांगितली: कोण भेटलं, कुठे, त्यांनी नेमके कोणते शब्द वापरले आणि पुढे काय झालं. आठवड्याने वही उघडली तेव्हा निम्म्याहून जास्त प्रसंग लिफ्टमधले निघाले. आणि "कसा आहेस?" फक्त दोनदा. बाकी सगळं "काय म्हणतोस?", "कुठे निघालास?", "काय विशेष?", "झालं का जेवण?" असं. आपल्याकडे नमस्कार कमी आणि चौकशा जास्त, हे मला तोवर इतकं लख्ख दिसलं नव्हतं. आई घरी "नमस्कार"ची तालीम घेत होती आणि त्या आठवड्यात त्याला एकाही माणसाने नमस्कार केला नव्हता.

शिवाय हे प्रश्न म्हणजे प्रश्नच नव्हेत. "काय म्हणतोस?" म्हटल्यावर नील म्हणाला होता, "मी काहीच म्हणालो नाही." तसं पाहिलं तर बरोबरच आहे. "कुठे निघालास?" म्हटल्यावर त्याने कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडपासून रस्ता सांगायला घेतला, तोवर काका लिफ्टमधून उतरून गेले. मग तो दिवसभर अस्वस्थ, कारण उत्तर अर्धं राहिलं होतं.

दुसऱ्या भेटीत मी त्याला "काय म्हणतोस?" विचारलं आणि मोबाइलवर सेकंद मोजले. सहाव्या सेकंदाला त्याचे ओठ हलले, पण तोवर आई दोनदा बोलून झाली होती: "अरे, मॅडम विचारतायत", "सांग ना". दर वेळी त्याचे ओठ मिटत होते. आतल्या आत प्रश्न उलगडत असताना दुसरं वाक्य येऊन आदळलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि शेवटी तो बोलला ते काय? "मॅडमना सांग ना." माझ्याकडे न बघता, आईकडे बघून.

याला मी तुमच्या प्रश्नाचं मूळ म्हणेन. तोंडी आठवण करून दिली की ती आठवणच त्या संवादाचा भाग होऊन बसते. मुलाच्या लेखी क्रम असा ठरतो: माणूस भेटतो, आई बोलते, मग मी बोलतो. आई नसेल तर क्रमच तुटतो. याची खूण सोपी आहे. उत्तर देण्याआधी मान तुमच्याकडे वळते का, तेवढं बघा.

म्हणून नीलच्या आईला पहिला नियम: तोंड बंद, मनात दहापर्यंत मोजायचं. त्या माउलीने मला नंतर सांगितलं की एकवीस दिवसांचा उपास सोपा गेला असता.

आता उत्तराचं. प्रत्येक प्रश्नाला वेगळं वाक्य पाठ करून घेतलं तर ऐन वेळी निवडायचं कोणतं हाच गोंधळ होतो. आम्ही एकच वाक्य घेतलं, जवळपास सगळीकडे चालणारं: "हां, बरंय. तुम्ही?" नीलने लगेच आक्षेप घेतला, "बरं नसेल तर? मी खोटं बोलत नाही." हा आक्षेप बरेच जण घेतात आणि तो उडवून लावायचा नसतो. मी विचारलं, पार्सल आल्यावर तू सही करतोस, तेव्हा आतला माल चांगला आहे असं लिहून देतोस का? म्हणाला, "नाही. पोच देतो." मग हीसुद्धा पोच. तुमचं बोलणं पोचलं, एवढंच ती सांगते. हे त्याला पटलं. त्यानंतर त्या वाक्याचं नावच "पोच" पडलं.

"कुठे निघालास?" तेवढं वेगळं ठेवावं लागलं, कारण त्याला "हां, बरंय" जमत नाही. त्याला "जरा बाहेर". यावरही "जरा म्हणजे किती?" झालंच. आणि तोंडातून शब्द निघणारच नाही अशा वेळेसाठी तळहात छातीपर्यंत वर करायचा. ही कमी दर्जाची पोच नाही, हे मी आईसमोर मुद्दाम म्हणाले. डोळ्यांत बघण्याची सक्ती आम्ही केली नाही. बऱ्याच ऑटिस्टिक व्यक्तींना डोळ्यांत बघायचं की शब्द ऐकायचे यातलं एकच काही साधतं. नीलने शर्टाचं वरचं बटण बघायचं ठरवलं.

वाक्य एका कार्डावर लिहिलं आणि शेवटाकडून कापत गेलो. आधी "तुम्ही?" गेलं, मग "बरंय", मग "हां", शेवटी कोरं कार्ड खिशात. लिहिलेलं असं हळूहळू पुसत नेण्याची पद्धत क्रँट्झ आणि मॅक्लानहन यांनी १९९३ साली ऑटिस्टिक मुलांसोबतच्या कामातून मांडली. मला ती आवडते, कारण कार्ड बोलत नाही. कापलेला भाग तो दोन बैठका स्वतःहून म्हणाला, तरच पुढचा काप. एकदा मी घाई करून दोन शब्द एकदम उडवले, तर तो पूर्ण गप्प झाला आणि आम्ही पुन्हा सबंध कार्डावर आलो. मदत लागलीच तर वडील मागे उभे राहून कोपराला हलकेच बोट लावत. त्याला मागून स्पर्श चालेल का, हे आधी विचारून.

इथपर्यंत मुलं माझ्या खोलीत छान करतात आणि जिन्यात पुन्हा थिजतात, कारण खोलीत सगळं ठरलेलं असतं. अचानकपणाचीच तालीम करावी लागते, आणि तीही पायऱ्यापायऱ्यांनी. पहिली पायरी मी सांगून टाकलेली: "पुढच्या पाच मिनिटांत मी कधीतरी हाक मारणार." तो वहीत काहीतरी काढत बसायचा, मी मध्येच म्हणायचे, "काय विशेष?" मग "पाच मिनिटांत"चं झालं "आज कधीतरी". मग आवाज बदलला, रिसेप्शनवरच्या ताईंनी दारातून विचारलं. मग खालचं पार्किंग, मग जिना. लिफ्ट सगळ्यात शेवटी, कारण तिथून निघता येत नाही. ही उतरंड नीलने ठरवली, एक ते पाच आकडे देऊन. मी जिना अवघड धरला होता. त्याच्या मते तो सोपा, कारण समोरचा माणूस चालत असतो आणि थांबत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांशीही बोललो. ते मागून पाठीवर थाप मारून "काय पैलवान!" म्हणत. प्रेमच ते, पण नीलला ती थाप संध्याकाळपर्यंत जाणवायची. काय सांगायचं हे त्यानेच ठरवलं: "मला उत्तर द्यायला वेळ लागतो. समोरून बोला." निदान सांगायचं नाही, हेही त्याचंच.

आणि मग आमची फजिती झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, "कळलं का रे, आमचे भाऊजी गेले परवा." नील म्हणाला, "हां, बरंय. तुम्ही?"

चूक माझी होती. मी पोच द्यायला शिकवली, पण पाकीट बघायला शिकवलं नाही. त्यानंतर वहीतल्या सगळ्या चौकशा एका कागदावर लिहिल्या. यातलं असेल तर पोच. यातलं नसेल तर दुसरं वाक्य: "कळलं नाही, परत सांगाल?" ते म्हणताना वेळही मिळतो. काकूंना नीलने चिठ्ठी लिहिली, "मी वेगळं ऐकलं होतं." त्यांनी ती फ्रिजवर लावली आहे म्हणे.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. लिफ्टमध्ये उत्तरं यायला लागली तसा नील दुकानात वीस मिनिटं लवकर जायला लागला. आई खूश, पण तो गर्दीची वेळ चुकवत होता आणि घरी येऊन अंधारात पडून राहत होता. उत्तरं येतायत आणि जेवण, झोप, बाहेर जाणं कमी होतंय, असं दिसलं तर तालीम थांबवायची. आम्ही आठवड्यात दोन दिवस हेडफोनचे ठेवले. त्या दिवशी फक्त तळहात.

तुमची मुलगी ऑटिस्टिक नसून नुसती फार लाजाळू असती, तर हाच हेडफोनचा सल्ला मी दिला नसता. लाजाळू माणसाला शब्द माहीत असतात, "काय म्हणतेस"चा अर्थही कळतो. भीतीने घसा आवळतो. तिथे मोबाइलमध्ये डोकं घालणं, हेडफोन लावणं या पळवाटा होतात आणि भीती वाढवतात. तिथे कार्ड नको. वॉचमनकाकांना आधी मान हलवून, मग "काका" एवढंच म्हणून, अशी भीतीच्याच पायऱ्यांनी सुरुवात करते. पण घरी खळखळून बोलणारं मूल शाळेत किंवा बाहेर महिनाभराहून जास्त अजिबात बोलत नसेल, तर त्याला लाजाळूपणा समजून थांबू नका, तज्ज्ञांना दाखवा. आणि दोन्ही एकत्र असू शकतं. ऑटिझमबरोबर भीतीही असते, तेव्हा काय आधी हे समोर बसूनच ठरतं.

नीलला लिफ्टपर्यंत पोचायला सात महिने लागले. अजूनही दहातल्या तीन-चार वेळा तो नुसता हात वर करतो. मागच्या महिन्यात तेच दुसऱ्या मजल्यावरचे काका समोर येऊन म्हणाले, "कुठे निघाली स्वारी?" हे आमच्या कागदावर नव्हतं. आई म्हणते, तिने मनात आठपर्यंत मोजलं. नील म्हणाला, "जरा बाहेर." तळमजला आला, काका गेले.

पुढच्या भेटीत आल्या आल्या त्याने तो कागद मागितला, तळाशी "कुठे निघाली स्वारी" लिहिलं आणि मला विचारलं, "पण स्वारी म्हणजे कोण? मी एकटाच होतो."