‘आलास का?’ आणि ‘आलास, का?’ : मराठी वाक्याचा सूर

प्रश्न : मराठी माझी मातृभाषा नाही. ळ, ण, दोन्ही प्रकारचे च-ज आता नीट येतात. तरी मी ‘तू आलास का?’ एवढंच विचारलं की समोरचा म्हणतो, ‘का म्हणजे? तूच बोलावलंस ना!’ शिवाय सगळे सांगतात की माझं बोलणं वाचून दाखवल्यासारखं वाटतं. चुकतंय काय?

उत्तर : तुमच्या ‘का’वर जोर पडतो आहे. तेवढ्याने होय-नाही विचारणारा ‘का’ कारण विचारणारा ‘का’ होतो, आणि ऐकणारा त्यालाच उत्तर देतो.

मराठीत हे दोन ‘का’ लिहायला सारखेच. कारण विचारायचं असेल तर आपण बहुतेक वेळा ‘तू का आलास?’ म्हणतो, म्हणजे ‘का’ क्रियापदाच्या आधी येतो आणि वाक्यातला सगळ्यात उंच सूर त्यालाच मिळतो. होय-नाही विचारायचं असेल तर ‘का’ शेवटी जातो. पण तक्रारीच्या, जाब विचारण्याच्या सुरात कारणाचा ‘का’सुद्धा शेवटी जाऊ शकतो : ‘मग तू आलास का?’ इथे फरक राहतो तो फक्त सुरात. होय-नाहीच्या प्रश्नात ‘आलास’च्या ‘लास’वर सूर चढतो आणि ‘का’ त्याच उंचीवर आखूड, हलका, मागच्या शब्दाला चिकटून येतो. दोन्हींच्या मध्ये श्वासाइतकीही फट नसते, जणू ‘आलास्का’ हा एकच शब्द आहे. जाब विचारताना ‘आलास’ खाली सपाट राहतो, नंतर किंचित थांबणं येतं, आणि ‘काऽ’ नव्याने उंच सुरू होऊन खाली उतरतो. तुम्ही शब्द सुटेसुटे शिकला असाल तर ‘का’ला त्याचा स्वतःचा चढ-उतार देत असणार, आणि तो नेमका दुसऱ्या प्रकारात बसतो.

असे चिकटून बोलायचे शब्द मराठीत बरेच आहेत, आणि परक्या कानाला पकडता न येणारी गडबड बहुधा त्यांच्याशीच होते. सगळ्यात बोलका नमुना ‘पण’चा.

‘मी पण गेलो’ म्हणजे मीसुद्धा गेलो. इथे उंची ‘मी’वर आहे आणि ‘पण’ त्याच्या पाठीला चिकटतो. ‘मी गेलो, पण तो थांबला’ यात ‘गेलो’चा शेवट वर राहतो, कारण वाक्य अजून संपलेलं नाही, मग लहानसा थांबा, आणि ‘पण’ खालच्या सुरात सुरू होऊन पुढच्या ‘तो’ला जोडला जातो. थोडक्यात, पहिला ‘पण’ मागच्या शब्दाचा, दुसरा पुढच्या शब्दाचा. तिसरा प्रकार ‘तो गेला पण!’ म्हणजे एवढ्यात गेलासुद्धा! सगळा सूर ‘गेला’वर चढतो आणि ‘पण’ झटकन खाली येऊन वाक्य बंद करतो. हाच ‘पण’ लांबवून अधांतरी ठेवलात तर ‘तो गेला, पणऽ...’ असं ऐकू येईल आणि समोरचा ‘पण काय?’ म्हणून वाट पाहील. सगळे शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच, फक्त शेवट खाली टेकला की नाही एवढाच प्रश्न.

‘काही’ आणि ‘एक’ यांचंही असंच. ‘मी काही जाणार नाही’ यात ‘काही’ सपाट गेला तर नुसता ठामपणा येतो. त्याच्यावर जोर दिला तर ऐकणारा ‘काही’चा अर्थ शोधत बसतो. ‘एक माणूस भेटला’मध्ये ‘एक’वर जोर दिला की दोन-तीन नव्हेत, एकच, असा मोजणीचा अर्थ होतो.

आता वाचून दाखवल्यासारखं का वाटतं ते. त्याचं कारण एका शब्दात नाही, वाक्यभर पसरलेलं असतं. ‘रमाने मला वही दिली’ हे वाक्य घ्या. नुसती बातमी म्हणून सांगताना ‘रमाने’ खालून सुरू होऊन शेवटाकडे चढतो, ‘मला’ही तसाच, पण थोडा कमी उंचीपर्यंत. मग ‘वही दिली’ हे दोन शब्द मिळून एक गट होतो : शेवटचं शिखर ‘वही’वर, आणि ‘दिली’ तिथून घसरत खाली येतो. साध्या विधानात क्रियापदाला स्वतःचं शिखर नसतं. शिकणारा मात्र चारही शब्दांना सारखं वजन देतो, आणि ‘दिली’ला जरा जास्तच, कारण वाक्य तिथे संपतं म्हणून तो तिथे ठासून बोलतो. मराठी कानाला ते ‘दिली म्हणजे दिली!’ असं भांडणाचं वाटतं, नाहीतर शुद्धलेखन घालून दिल्यासारखं.

याच वाक्याने वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तर देऊन पाहा. ‘रमाने तुला काय दिलं?’ याला उत्तर देताना शिखर ‘वही’वर येतं, आणि ‘रमाने मला’ घाईत, बुटकं होऊन जातं, किंवा गळूनच जातं. ‘वही कोणी दिली?’ असं विचारलं तर शिखर ‘रमाने’वर जातं आणि त्यानंतरचं सगळं खाली सपाट होतं. पण इथे मराठी माणूस शब्दही हलवतो : ‘वही मला रमाने दिली.’ महत्त्वाचा शब्द क्रियापदाच्या लगेच आधी आणला की सूर आपोआप जागेवर पडतो, म्हणून सुरुवातीला हाच मार्ग धरा. ‘दिली नाही ना तिने?’ या शंकेला ‘दिली की!’ असं उत्तर द्याल, तेव्हा कुठे क्रियापदाला शिखर मिळेल.

नियम सांगायचाच तर एवढा : मुख्य शिखर एकदा झालं की त्याच्यानंतर दुसरं शिखर येऊ द्यायचं नाही. हा नियम मोडतो तो मुख्यतः क्रियापदानंतर येणाऱ्या शब्दांवर. बोलण्यात आपण ‘रमाने दिली मला’ असं सर्रास म्हणतो. तिथे ‘मला’ हा आधीच माहीत असलेला भाग असतो, म्हणून तो खालच्या सुरात, पुटपुटल्यासारखा जातो. त्याच ‘मला’वर सूर चढवला तर ‘मला दिली, तुला नाही’ असा टोमणा होतो. शब्दक्रम मराठी वळणाचा झाला आणि सूर मात्र पुस्तकीच राहिला, की बोलणं सगळ्यात जास्त खटकतं. त्यापेक्षा पुस्तकी क्रम बरा.

शेवट वर नेण्याची सवयही तपासा. ‘कुठे’, ‘कोण’, ‘केव्हा’ असलेल्या प्रश्नात सगळी उंची त्या प्रश्नशब्दावर असते आणि वाक्य खाली येत संपतं : ‘तू कुठे जातोस?’ यात शिखर ‘कुठे’वर, ‘जातोस’ उतरता. प्रश्न आहे म्हणून ‘जातोस’ही वर नेला तर ‘काय म्हणालास, पुन्हा सांग’ असा अर्थ निघतो.

जोर द्यायचा म्हणजे आवाज मोठा करायचा, असं तुम्ही धरून चालला असाल तर तेही सोडा. मराठीत जोर मुख्यतः सुराने आणि वेळेने दाखवतात. वेळ वाढवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. शब्दात दीर्घ स्वर असेल तर तोच ताणतात : ‘खूऽप’, ‘फाऽर’, ‘लांऽब’. ऱ्हस्व ‘अ’ असा ताणता येत नाही, ताणला तर तो ‘आ’कडे झुकायला लागतो. म्हणून तिथे पुढचं व्यंजन दुप्पट होतं : ‘सगळं’चं ‘सग्गळं’, ‘कधीच’चं ‘कध्धीच’, ‘अजिबात’चं ‘अज्जिबात’. ‘मोठ्ठा’ या हिशेबात नीट बसत नाही, कारण ‘ओ’ दीर्घ आहे. पण म्हणताना त्यातला ‘ओ’ आखूड होतो आणि वेळ ‘ठ्ठ’कडे जातो. हे शब्द लिहिताना कोणी वापरो न वापरो, बोलताना ‘मला अजिबात आवडलं नाही’ हे ‘अ-जि-बात’ असं मोजून म्हटलंत तर नावड पोचत नाही.

सराव करताना शब्द काढून टाका. तोंड मिटून नुसतं ‘म्म’ करत ‘आलास का’ दोन्ही अर्थांनी गुणगुणा आणि समोरच्याला कोणता अर्थ ते ओळखायला सांगा. त्याला ओळखता आलं नाही तर सूर अजून बसलेला नाही, मग शब्द घालून उपयोग नाही. त्यानंतर ‘रमाने मला वही दिली’ची वर सांगितलेली रूपं याच पद्धतीने करा.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर Praat हे ध्वनिविश्लेषणाचं मोफत सॉफ्टवेअर वापरा. ते अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पाऊल बुर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी तयार केलं आहे. एखाद्या मराठी माणसाचं वाक्य आणि तुमचं तेच वाक्य ध्वनिमुद्रित करून `View & Edit` मध्ये उघडा; सुराची रेषा दिसेल. सुराची मर्यादा पुरुषी आवाजाला साधारण ७५ ते ३०० हर्ट्झ आणि बायकांच्या आवाजाला १०० ते ५०० हर्ट्झ ठेवा. ती चुकली तर रेषा मध्येच एकदम निम्म्यावर किंवा दुपटीवर उडी मारते. तो तुमचा सूर नव्हे, मोजण्यातली चूक आहे. दोघांच्या रेषांची उंची जुळवत बसू नका, प्रत्येकाचा आवाज वेगळा. पाहायचं ते एवढंच, की सगळ्यात उंच जागा कोणत्या शब्दावर आहे आणि तिच्यानंतर रेषा खाली राहते का.

‘रमाने मला वही दिली’ हे वाक्य निवडण्याचं एक कारण असं, की त्यातले सगळे वर्ण घोष आहेत, म्हणजे ते म्हणताना स्वरतंतू कंपत राहतात, त्यामुळे रेषा जवळजवळ अखंड मिळते. ‘आलास का’मध्ये तसं होणार नाही. ‘स’ आणि ‘क’ अघोष, तिथे स्वरतंतू कंपत नाहीत आणि रेषा तुटते. शिवाय अघोष व्यंजनानंतरचा स्वर सुरू होताना सूर क्षणभर थोडा वरच असतो, म्हणून जोर न देता म्हटलेला ‘का’सुद्धा रेषेत उंच सुरू झालेला दिसेल. त्या टोकाकडे लक्ष देऊ नका. ‘का’मधला ‘आ’ किती वेळ टिकतो ते मोजा, आणि त्याच्या आधी ‘आलास’वर सूर चढला होता का ते पाहा.