आरसी सर्किटचा ट्रान्झियंट: समीकरणापासून मीटरच्या आकड्यापर्यंत

सगळ्या उत्तरांसाठी एकच सर्किट धरलं आहे: १० व्होल्टचा डीसी सप्लाय, १०० किलोओहमचा रेझिस्टर, १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि एक स्विच, सगळं सिरीजमध्ये. RC चा गुणाकार, म्हणजे टाइम कॉन्स्टंट, १० सेकंद येतो, त्यामुळे मोबाइलचं स्टॉपवॉच आणि साधा डिजिटल मल्टिमीटर एवढ्यावर रीडिंग घेता येतात.

"असाइनमेंटमध्ये डिफरन्शियल इक्वेशन मांडून कपॅसिटरचं व्होल्टेज काढा असं विचारलंय. मी शेवटचा फॉर्म्युला लिहून किमती घातल्या. उत्तर बरोबर असूनही निम्मे गुण गेले. नेमकं काय लिहायचं?" – डिप्लोमा विद्यार्थी, अशोक चौक, सोलापूर

सुरुवात किरचॉफच्या व्होल्टेजच्या नियमापासून करा. सप्लायचं व्होल्टेज रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्यात वाटलं जातं. सिरीज जोडणीत दोघांतून करंट एकच जातो आणि कपॅसिटरचा करंट त्याच्या व्होल्टेजच्या बदलाच्या दरावर ठरतो. या दोन गोष्टी एकत्र केल्या की समीकरण तयार होतं:

```
V = R·i + v
i = C·(dv/dt)
RC·(dv/dt) + v = V
```

तिसरी ओळ हेच तुमचं डिफरन्शियल इक्वेशन, आणि गुण इथूनच मिळायला लागतात. V स्थिर आहे, म्हणून v एका बाजूला आणि t दुसऱ्या बाजूला नेता येतो:

```
dv/(V − v) = dt/(RC)
−ln(V − v) = t/(RC) + K
```

डावीकडचं वजा चिन्ह सर्वांत जास्त वेळा सुटतं. छेदात V − v आहे आणि v च्या सापेक्ष त्याचं डेरिव्हेटिव्ह −1 येतं, म्हणून ते चिन्ह. ते सुटलं तर पुढे घातांक धन होतो आणि व्होल्टेज कुठेच थांबत नाही. सप्लाय १० व्होल्टचा असताना मोठ्या t ला उत्तर १० च्या जवळ जात नसेल, तर याच ओळीवर परत या.

आता t = 0 ला कपॅसिटर रिकामा होता, म्हणजे v = 0, हे घाला. K = −ln V मिळतो आणि उरतं ते असं:

```
ln((V − v)/V) = −t/(RC)
v = V·(1 − e^(−t/RC))
```

शेवटी दोन ओळींचा ताळा जरूर लिहा. या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घेऊन RC ने गुणलं की V·e^(−t/RC) येतं. त्यात v मिळवला की बेरीज बरोबर V होते, म्हणजे मूळ समीकरण पूर्ण झालं. मग किमती घाला: १० सेकंदांना ६.३२ व्होल्ट, २० ला ८.६५, ३० ला ९.५० आणि ५० ला ९.९३. पाच टाइम कॉन्स्टंटनंतर कपॅसिटर पूर्ण चार्ज झाला असं म्हणतात. तेव्हाही ०.७ टक्के बाकी असतंच, म्हणून '१० व्होल्ट झालं' असं न लिहिता '९.९३ व्होल्ट' लिहा.

"दुसऱ्या गणितात कपॅसिटरवर आधीच ४ व्होल्ट आहेत. तिथे t = 0 ला ४ घ्यायचे की स्विच लावल्याबरोबर ते बदलतात? आणि का?" – जुळे सोलापूर

चारच घ्यायचे. स्विच लावण्याच्या अगदी आधी कपॅसिटरवर जे व्होल्टेज असतं, तेच लावल्याच्या अगदी नंतरही असतं. पाठ केलेला नियम म्हणून हे लिहू नका, आकड्यांनी दाखवा. १०० मायक्रोफॅरडवर एक व्होल्ट चढायला १०० मायक्रोकूलंब चार्ज लागतो. रेझिस्टर १०० किलोओहमचा आहे. त्याच्यावर पूर्ण १० व्होल्ट पडले तरी करंट १०० मायक्रोअँपच्या वर जात नाही, म्हणजे सेकंदाला १०० मायक्रोकूलंब. तेव्हा एक व्होल्ट चढायला निदान एक सेकंद हवाच. शून्य वेळात व्होल्टेजने उडी मारायची तर करंट अनंत लागेल, आणि तो हा रेझिस्टर देऊ शकत नाही.

समीकरण तेच राहतं, फक्त K बदलतो. सुरुवातीचं व्होल्टेज V0 म्हटलं तर:

```
v = V + (V0 − V)·e^(−t/RC)
v = 10 − 6·e^(−t/10)
```

१० सेकंदांना ७.७९ व्होल्ट येतात. पूर्ण बदल ६ व्होल्टचा आहे, त्यातला ६३.२ टक्के म्हणजे ३.७९ झाला. इथे बरेच जण १० चे ६३.२ टक्के काढून ६.३२ लिहितात. टक्केवारी नेहमी सुरुवातीपासून शेवटापर्यंतच्या बदलावर लावायची, सप्लायवर नाही. सुरुवात शून्यातून असते तेव्हा दोन्ही आकडे जुळतात, म्हणून ही चूक पहिल्या गणितात लपून जाते.

४ व्होल्ट उलट्या पोलॅरिटीने दिले असतील तर V0 = −4 घाला. कागदावर ते चालतं. प्रयोगात मात्र इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा चार्ज करू नका, तो खराब होतो. तिथे नॉन-पोलर घ्यावा.

"मी v ऐवजी i मध्ये समीकरण मांडलं आणि एकदा डिफरन्शिएट केलं. स्विच लावण्याआधी करंट नव्हता म्हणून i(0) = 0 घेतलं, तर सगळं उत्तरच शून्य आलं. पायरी कुठे चुकली?" – बार्शी

मांडणीत चूक नाही. चूक त्या एका अटीत आहे. तुमचं समीकरण असं असणार:

```
V = R·i + (1/C)·∫i dt
R·(di/dt) + i/C = 0
```

दुसऱ्या ओळीत V कुठे दिसतो का पाहा. स्थिर राशीचं डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणून डिफरन्शिएट करताना सप्लाय समीकरणातून निघून गेला. आता तो परत येणार फक्त सुरुवातीच्या अटीतून, आणि तिथे शून्य घातल्यावर सप्लायच नसलेलं सर्किट उरलं. त्याचा करंट शून्यच असणार.

व्होल्टेज उडी मारत नाही हे बंधन कपॅसिटरच्या v वर आहे, i वर नाही. स्विच लागताच करंट शून्यावरून थेट वर जातो. किती, ते किरचॉफच सांगतो: t = 0 च्या लगेच नंतर v अजून शून्य आहे, म्हणजे १० व्होल्ट पूर्ण रेझिस्टरवर, करंट १०० मायक्रोअँप. ही अट घातली की:

```
i = (V/R)·e^(−t/RC)
```

याचा ताळा चार्जने करा. या करंटचं शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रेशन (V/R)·RC येतं, म्हणजे १०० मायक्रोअँप गुणिले १० सेकंद, १००० मायक्रोकूलंब. इकडे CV सुद्धा १०० मायक्रोफॅरड गुणिले १० व्होल्ट, म्हणजे तेवढंच. असाइनमेंटमध्ये ही ओळ आली की तपासणाऱ्याला कळतं की तुम्हाला समीकरण समजलं आहे.

"हेच सर्किट ब्रेडबोर्डवर लावलं. सप्लाय मोजला, १०.० व्होल्ट. रेझिस्टर मोजला, १०० किलोओहम. तरी ६.३२ व्होल्टला १० ऐवजी १२ सेकंद लागले, आणि खूप वेळ थांबूनही मीटर ९.४ च्या वर जात नाही. रीडिंग चुकीची समजून खोडू का?" – विजापूर रोड, सोलापूर

खोडू नका. सगळ्या अंकांत तुमचा ९.४ सर्वांत मोलाचा आहे. व्होल्टेज स्थिर झालं असताना रेझिस्टरवर ०.६ व्होल्ट उरले, म्हणजे ६ मायक्रोअँप करंट अजून वाहतो आहे. तो कपॅसिटर चार्ज करत नाही, कपॅसिटरला वळसा घालून किंवा त्याच्या आतून गळतो आहे. डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, तो ०.९४ मायक्रोअँप घेतो. उरलेले सुमारे ५ मायक्रोअँप इलेक्ट्रोलिटिकचं लीकेज. या कपॅसिटरना बहुधा ०.०१ CV इतक्या लीकेजची मुभा दिलेली असते, म्हणजे इथे १० मायक्रोअँपपर्यंत. तेव्हा तुमचा कपॅसिटर बिघडलेला नाही. बराच काळ न वापरता पडलेल्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये आणि उष्णतेत लीकेज वाढतं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमधल्या दुपारी लॅबमध्ये ते जास्तच दिसेल.

हे समीकरणात आणा. गळती Rp या समांतर रेझिस्टरने दाखवली तर:

```
RC·(dv/dt) + (1 + R/Rp)·v = V
Vf = V·Rp/(R + Rp)
τ = C·R·Rp/(R + Rp)
```

Vf हे शेवटचं व्होल्टेज, τ हा टाइम कॉन्स्टंट. दोन्ही सूत्रांत गुणक एकच आहे, तुमच्या बाबतीत ०.९४. गळतीने टाइम कॉन्स्टंट वाढत नाही, उलट कमी होतो. तरी १२ सेकंद का? कारण तुम्ही १० च्या ६३.२ टक्क्यांना घड्याळ थांबवलंत. शेवट ९.४ ला असेल तर एक टाइम कॉन्स्टंट ५.९४ व्होल्टला पुरा होतो. ६.३२ पर्यंत जायला ln(9.4/(9.4 − 6.32)), म्हणजे १.११६ टाइम कॉन्स्टंट लागतात. १२ ला १.११६ ने भागा: १०.७५ सेकंद. त्याला ९४ किलोओहमने भागलं की कपॅसिटर सुमारे ११४ मायक्रोफॅरडचा निघतो. इलेक्ट्रोलिटिकवर ±२० टक्के टॉलरन्स सर्रास असतो, तेव्हा हा आकडा त्यात बसतो.

खरी गळती व्होल्टेजच्या अगदी सम प्रमाणात नसते, म्हणून Rp हा अंदाज आहे हे एका वाक्यात लिहा. पुढच्या वेळी कपॅसिटर आधी काही मिनिटं १० व्होल्टवर ठेवा, लीकेज बरंच उतरतं. मग १ किलोओहममधून डिस्चार्ज करा आणि रेझिस्टर काही सेकंद तसाच राहू द्या. लगेच काढला तर कपॅसिटरवर थोडं व्होल्टेज आपोआप परत येतं आणि तुमची v(0) = 0 ही अट मोडते.

आलेख काढताना प्रत्येक रीडिंगसाठी ln(Vf − v) काढून t समोर मांडा. सरळ रेषा येते, तिचा उतार −1/τ. Vf म्हणून मोजलेला ९.४ न घेता १० घातला, तर रेषेचा शेवट आडवा होत जातो. तो बाक दिसला की चूक Vf मध्ये आहे, रीडिंगमध्ये नाही.

"डिस्चार्जचा प्रयोग करताना स्विच बंद केला, पण व्होल्टेज खाली येतच नाही." – पंढरपूर

स्विच बंद केल्यावर करंटला वाटच उरली नाही. कपॅसिटर आता फक्त मीटरच्या १० मेगाओहममधून आणि स्वतःच्या लीकेजमधून उतरतो आहे. एकट्या मीटरचा टाइम कॉन्स्टंट १००० सेकंद येतो, म्हणजे सतरा मिनिटांच्या आसपास. टू-वे स्विच लावा: एका बाजूला सप्लाय, दुसऱ्या बाजूला ग्राउंड, आणि मधली पिन रेझिस्टरला. मग समीकरणात V = 0 घाला, v = V0·e^(−t/RC) येतं, आणि दहाव्या सेकंदाला मूळ व्होल्टेजच्या साधारण ३७ टक्के दिसतील.