'परफेक्ट पिच'ला मराठीत काय म्हणायचं?

"गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक एखाद्या मुलीला 'हिला परफेक्ट पिच आहे' म्हणतात. याला मराठी शब्द काय? आणि हे जन्मतःच असतं की शिकवून येतं? माझी मुलगी चार वर्षांची आहे म्हणून विचारते."

परीक्षकांना म्हणायचं असतं 'सुरेल'. दोन अक्षरं जास्त झाली तरी इंग्रजीच हवं, दुसरं काय! खरी परफेक्ट पिच ही गोष्ट गळ्याची नाहीच, कानाची आहे. पेटीला हात न लावता, आधी कुठलाही सूर न ऐकता, दारावरची बेल ऐकून जो 'ही काळी तीन' म्हणतो त्याला ती असते. असा माणूस स्वतः गायला लागला की ऐकवत नाही, हेही होऊ शकतं.

आता शब्द. 'परिपूर्ण स्वरज्ञान' सुचवणाऱ्यांनी 'परफेक्ट'चं भाषांतर केलंय, गोष्टीचं नाही. यात परिपूर्ण काही नाही; चाळिशी-पन्नाशीनंतर यांच्यातल्या अनेकांना सूर अर्धा स्वर सरकल्यासारखे ऐकू येतात. माझं मत 'निरपेक्ष स्वरज्ञान'ला. का, ते सांगतो. आपण रोज 'त्याच्यापेक्षा उंच' म्हणतो ना, त्यातला 'पेक्षा' म्हणजे संस्कृत 'अपेक्षा'च. फक्त सुरुवातीचा 'अ' गळालाय. 'अप' अधिक 'ईक्ष्', म्हणजे दुसऱ्या कशाकडे तरी बघणं. तेव्हा निरपेक्ष म्हणजे ज्याला 'पेक्षा' लागत नाही तो. आपलं सगळं गाणं 'पेक्षा'वर चालतं: सा ठरला की पंचम त्याच्यापेक्षा किती वर, एवढंच कानाला कळावं लागतं. मग तो सा पांढरी एकचा असो की काळी चारचा. निरपेक्षवाल्याला सा आधी लागतच नाही. याहून चपखल शब्द कुणी दाखवावा.

उपजत की शिकून? 'दैवी देणगी' म्हणणाऱ्या गुरुजनांशी माझं जमत नाही. जपानमध्ये आयाको साकाकिबारा या संशोधिकेने 2014 मध्ये छापलेला अभ्यास त्यांनी पाहावा. दोन ते सहा वर्षांची 24 मुलं घेतली. पद्धत अशी: पियानोवर तीन सूर एकदम वाजवायचे आणि मुलाने त्या स्वरसमूहाचं ठरलेलं रंगीत निशाण उचलायचं. सुरुवातीला एकच समूह, सा-ग-प, निशाण लाल. तो पक्का झाला की दुसरा, पिवळा. मग दोन्ही उलटसुलट वाजवायचे. असं करत पांढऱ्या पट्ट्यांचे नऊ समूह, नंतर काळ्या पट्ट्या मिसळलेले. बसायचं दोन-पाच मिनिटंच, पण दिवसातून चार-पाच वेळा, घरी, पालकांबरोबर. हे वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतं. दोन मुलं मधेच गळाली. उरलेली 22 च्या 22 निरपेक्ष सूर ओळखायला लागली.

एकच सूर न वाजवता तीन का? सुटा सूर आला की मूल आधीच्या सुराशी ताडून 'याच्यापेक्षा वर' असं उत्तर काढायला शिकतं. तीन सुरांच्या समूहाला स्वतःचा असा रंग असतो, तो थेट ओळखायचा असतो. 'पेक्षा'ची सवय लागण्याआधीच तिला वळसा!

अभ्यासात उणीव आहे: शिकवणी न दिलेल्या मुलांचा तुलनेचा गट नव्हता, आणि घरी एवढं लावून धरणारे पालकही निवडक. शिवाय रक्ताचाही वाटा आहे. एकसारख्या जुळ्यांत एकाला हे असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण 79 टक्क्यांच्या आसपास निघालं. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत 45. पण वय मात्र निर्णायक दिसतं. अमेरिकेत 1998 च्या एका पाहणीत चौथ्या वर्षापर्यंत संगीत सुरू केलेल्या संगीतकारांपैकी सुमारे 40 टक्के, तर नवव्या वर्षी किंवा नंतर सुरू केलेल्यांपैकी सुमारे 3 टक्केच लोकांनी आपल्याला हे येतं असं सांगितलं. मोठ्यांनीही कसून सराव केला तर काही जणांना थोडंफार जमतं, पण मुलांइतकं सहज क्वचितच.

तुमच्या मुलीचं वय योग्य आहे, तेव्हा करायचं तर आत्ताच. पण ती पुढे आपलं गाणं शिकणार असेल तर हेही ऐका. केनइची मियाझाकी या जपानी संशोधकाने निरपेक्ष स्वरज्ञान असलेल्या वादकांना पट्टी बदलून स्वरांमधली अंतरं ओळखायला लावली, तेव्हा ते नेहमीच्या पट्टीपेक्षा बरेच अडखळले. पांढरी एक म्हणजेच सा हे डोक्यात पक्कं बसलेल्या मुलीला बाई काळी चारमध्ये सा लावायला सांगतील, तेव्हा तिच्या कानाला तो कोमल धैवत वाटणार. पियानोच शिकणार असेल तर प्रश्न नाही.