असमानतेला दोन्हीकडे ऋण संख्येनं गुणलं की चिन्ह का पलटतं? सर म्हणतात, नियम आहे, पाठ करा.

तुमच्या प्रश्नातलं "पाठ करा" वाचलं आणि डोकंच फिरलं. 1996 च्या मे महिन्यात, अकरावीच्या व्हेकेशन बॅचला, नागपूरच्या महाल भागातल्या एका ट्यूशनमध्ये मीही हेच विचारलं होतं. "सर, काहून पलटते?" उत्तर आलं, "पलटते म्हणजे पलटते. बस खाली." अख्खी बॅच हसली.

रात्री कूलरपुढे वही घेऊन बसलो. −2x < 6 लिहिलं आणि ठरवलं, ऋण संख्येनं गुणायचंच नाही, भागायचंही नाही. फक्त मिळवायचं नि वजा करायचं. त्यानं चिन्ह बदलत नाही, एवढं तर सरांनाही मान्य होतं. दोन्हीकडे 2x मिळवले, 0 < 6 + 2x झालं. दोन्हीकडून 6 काढले, −6 < 2x. मग 2 नं भागलं, −3 < x.

चिन्ह जागचं हललंसुद्धा नाही! x मात्र डावीकडून उजवीकडे जाऊन बसला. आता हेच x कडून वाचा: x > −3. नियमही हेच देतो. कुठल्याही a < b मधून दोन्हीकडून a वजा करा, मग b वजा करा, −b < −a उरतं. म्हणजे −1 नं गुणलं की दोघं जागा बदलतात, आणि त्यांना जुन्याच जागी लिहायचा हट्ट आपण धरतो म्हणून चिन्ह पलटवावं लागतं. एवढंच आहे ते.

दुसऱ्या दिवशी वही दाखवायला गेलो तर सरांनी पाहिलीच नाही. वर त्याच तासाला फळ्यावर 6/x < 2 घेतलं, दोन्हीकडे x नं गुणलं आणि x > 3 लिहून मोकळे. मी म्हटलं, सर, x = −1 घ्या. 6 भागिले −1 म्हणजे −6, ते 2 पेक्षा लहानच आहे, मग −1 उत्तरात काहून नाही? x ऋण असेल तर गुणताना 6 > 2x होतं, म्हणजे x < 3, आणि x ऋण धरलेलाच आहे, म्हणून शून्याखालचे सगळेच चालतात. खरं उत्तर x < 0 किंवा x > 3. मला बाहेर उभं केलं. पाठ केलेला नियम नेमका इथंच दगा देतो, कारण x च्या पुढे वजा लिहिलेलं दिसत नाही.

हां, −1 ऐवजी −2 किंवा −7 असेल तर वरून धन संख्येनं गुणणं आलं, त्यानं क्रम बदलत नाही. शून्यानं मात्र गुणू नका, 0 < 0 येईल. आणि पेपरात हे सगळं लिहीत बसू नका, सरळ चिन्ह पलटवा, वेळ जातो.

तुमच्या सरांना 6/x < 2 सोडवायला द्या. नुसतं x > 3 आलं तर ट्यूशन बदला.