स्प्रेडचे दोन लेग आणि मधले काही सेकंद

प्रश्न: निफ्टीत बुल कॉल स्प्रेड करतो. एकेक लेग टाकताना मधेच भाव पळतो. बास्केट ऑर्डर लावली की ही लेगिंग रिस्क संपते ना?

नाही, संपत नाही. आपल्याकडच्या बहुतेक रिटेल अॅपमधली बास्केट म्हणजे एका बटणावर ओळीने सुटणाऱ्या वेगवेगळ्या ऑर्डरी. त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे एक्स्चेंजला कळत नाही. पहिली भरली आणि दुसरी लटकली, तर पहिली परत फिरत नाही. मधला वेळ हाताने लागणाऱ्या अर्ध्या मिनिटावरून सेकंदाच्या आसपास येतो हा फायदा खरा आहे, पण तोही दोन्ही लिमिट लगेच भरतील अशा असल्या तरच.

तुमचाच स्प्रेड घेऊ. निफ्टी 24,500 वर आहे, एक्स्पायरीला तीनेक दिवस आहेत. 24,500 चा कॉल 150 ला मिळतोय, 24,700 चा 70 ला विकला जातोय. म्हणजे नेट 80. लॉट 75 चा धरू. पहिल्या कॉलचा डेल्टा साधारण 0.50, दुसऱ्याचा 0.30, म्हणून पूर्ण स्प्रेडचा 0.20. नुसता पहिला लेग हातात असतो तेव्हा निफ्टीच्या प्रत्येक पॉइंटला तुमचा भाव 20 पैशांऐवजी 50 पैशांनी हलतो. ठरवलेल्या पोझिशनच्या अडीचपट पोझिशन घेऊन तुम्ही उभे असता.

आता मिनिटभर थांबलात तर किती फरक पडेल? इंडिया व्हिक्स 14 असेल तर निफ्टीची दिवसाची चाल ढोबळमानाने 215 पॉइंट निघते. बाजार 375 मिनिटं चालतो. 215 ला 375 च्या वर्गमुळाने भागलं की मिनिटाची चाल येते 11 पॉइंट. त्याला 0.30 ने गुणलं तर दुसऱ्या लेगचा भाव मिनिटात सव्वातीन रुपये इकडे किंवा तिकडे, म्हणजे लॉटमागे जवळपास 250 रुपये. पाच सेकंदांसाठी हाच हिशेब एका रुपयाच्या आसपास, लॉटमागे 75 रुपये. आणि आपण थांबतो कशासाठी? बिड आणि आस्कमधले पन्नास पैसे वाचावेत म्हणून. लॉटमागे 37 रुपये वाचवायला 250 रुपयांचा झोका अंगावर घ्यायचा, हा व्यवहार मला कधीच पटला नाही.

यावर कोणी म्हणेल की झोका दोन्ही बाजूंना असतो, कधी फायदाही होईल. दुसरा लेग त्या क्षणाच्या बाजारभावाने विकत असाल तर हे बरोबर आहे. पण आपण तसं करत नाही, आपण 70 ची लिमिट लावून बसतो. निफ्टी 20 पॉइंट वर गेला तर तो कॉल 76 ला जातो, पण वाटेतच तुमची ऑर्डर 70 ला भरलेली असते. वरचे सहा रुपये तुमचे नाहीत. निफ्टी 20 पॉइंट खाली आला तर कॉल 64 ला येतो, तुमची लिमिट तशीच लटकते आणि शेवटी 64 ला विकावं लागतं. नेट पडतो 86. चांगली बाजू 80 ला कापलेली, वाईट बाजू मोकळी. लेगिंगमधली खरी गळती इथे होते, आणि एखाद्या ट्रेडवरून ती दिसत नाही. पहिलं बटण दाबताना दोन्ही कॉलच्या बिड-आस्कच्या मध्यावरून नेट भाव लिहून ठेवा आणि प्रत्यक्ष मिळालेल्या नेटशी ताडून बघा. पंचवीस-तीस ट्रेडनंतर वहीच बोलते. फक्त एलटीपीवरून नेट काढू नका, कारण दोन्ही कॉलचे शेवटचे सौदे वेगवेगळ्या क्षणी झालेले असतात.

खरी एकत्रित ऑर्डर वेगळी असते. शिकागोच्या सीबो एक्स्चेंजवर तुम्ही नेट भाव देता, दोन्ही लेग ठरलेल्या प्रमाणात एकत्रच भरतात, नाहीतर भरतच नाहीत. एनएसईवरही दोन आणि तीन लेगची ऑर्डर आहे, 2L आणि 3L नावाची. ती IOC असते, म्हणजे त्या क्षणी जुळलं तर जुळलं, नाहीतर रद्द. ऑर्डर बुकमध्ये थांबून राहत नाही. तुमच्या ब्रोकरला ती देता का असं स्पष्ट विचारा. बऱ्याच रिटेल अॅपवर नसते. अशा ऑर्डरमध्ये अर्धवट अडकण्याची भीती जाते, तिच्या जागी सौदाच न होण्याची शक्यता येते. मला ही अदलाबदल केव्हाही मान्य आहे, कारण न झालेल्या सौद्यात पैसे अडकत नाहीत.

बास्केटच वापरायची असेल तर मार्जिनचा खाचखळगा आधी बघा. मी एकदा दोन लॉटचा बुल पुट स्प्रेड लावला, हेजसकट जेवढं मार्जिन लागतं तेवढेच पैसे खात्यात ठेवून. खरेदीचा पुट दोनपैकी एकच लॉट भरला. मागून गेलेली दोन लॉटची विक्री मार्जिन कमी म्हणून रिजेक्ट झाली, कारण एक लॉट उघडा पडत होता. बाजार वर जाईल या मताने सुरुवात केली आणि हातात राहिला एकटा विकत घेतलेला पुट, तोही बाजार वर जात असताना. तेव्हापासून मी एका वेळी एकच लॉट टाकतो आणि खात्यात मोकळी जागा ठेवतो.

कोणता लेग आधी, हेही यातच येतं. ज्याला गिऱ्हाईक कमी तो आधी, सहज मिळणारा नंतर, हा जाणत्यांचा नियम. निफ्टीत चालू भावाजवळच्या स्ट्राइकला फरक पडत नाही, शेअरच्या ऑप्शनमध्ये फार पडतो. पण आपल्याकडे विक्री आधी केली तर पूर्ण मार्जिन लागतं, म्हणून खरेदी आधी करावी लागते. डेबिट स्प्रेडमध्ये लांबचा, पातळ स्ट्राइक विकायचा असतो, तिथे हे दोन नियम भांडतात. तिथे बिड 18 आणि आस्क 20 असं दिसलं तर मी विक्रीचा हिशेब सरळ 18 ने करतो, आणि त्या भावात नेट बसत नसेल तर स्प्रेड सोडतो.

तुमच्या उदाहरणात मी आधी ठरवेन की 83 च्या वर जायचं नाही. मग खरेदीची लिमिट 151.50 आणि विक्रीची 68.50. दोन्ही समोरच्या भावाला ओलांडून गेल्यामुळे लगेच भरतात, आणि ऑर्डर बुकमध्ये चांगला भाव असेल तर तोच मिळतो. विक्री दहा सेकंदांत भरली नाही तर भाव खाली आणून तिथल्या तिथे भरून टाकतो. नेट 83 च्या पलीकडे जात असेल तर पहिला लेग विकून बाहेर पडतो. "परत येईल" म्हणून थांबत नाही, कारण थांबलो की तो स्प्रेड राहत नाही, मी न ठरवलेला कॉल होतो. बाहेर पडताना क्रम उलटा: आधी विकलेला कॉल परत घ्यायचा, मग घेतलेला विकायचा, नाहीतर मार्जिन एकदम वाढून ऑर्डर अडते.